विळीने कापलं: टाके लागतील का, हे फोटोवरून कसं ठरतं

भाजी चिरताना तर्जनीच्या आतल्या बाजूला विळी लागली. दीड सेंटीमीटरचा काप आहे, रक्त बऱ्यापैकी गेलंय, आणि घरच्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवलाय: टाके लागतील का?

बहुतेक वेळा तो फोटो निरुपयोगी असतो. जखमेवर हळद नाहीतर कॉफीची पूड थापलेली असते, फ्लॅशमुळे ओलं रक्त चमकत असतं आणि खाली काय आहे ते दिसतच नाही. त्यामुळे आधी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून सलग दहा मिनिटं धरायचं. मध्ये उचलून बघितलं की जमू लागलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटांनंतरही रक्त वाहतच असेल, तर फोटो काढत बसू नये, दाब तसाच ठेवून दवाखाना गाठावा. थांबलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाचेक मिनिटं धुऊन भोवतालची त्वचा टिपून घ्यावी. मग शेजारी मोजपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता दोन फोटो काढावेत: एक बोट सरळ ठेवून, दुसरा किंचित वाकवून.

डॉक्टर आधी कडा बघतात. बोट निवांत असताना कडा आपोआप मिटत असतील तर चिकटपट्ट्यांवर भागतं. त्या उघड्या राहत असतील, आत पिवळसर चरबी दिसत असेल किंवा सांध्यावरचा काप बोट वाकवताच फाकत असेल, तर टाक्यांकडे कल जातो. हाताच्या छोट्या कापांबाबत मात्र टाक्यांचा आग्रह पूर्वीइतका राहिलेला नाही. 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका चाचणीत हातावरचे दोन सेंटीमीटरपेक्षा लहान, आत इजा नसलेले काप टाके घालून आणि न घालता बरे होऊ दिले. तीन महिन्यांनी व्रणात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

‘आत इजा नसलेले’ ही अट महत्त्वाची, कारण नेमकं तेच फोटोत दिसत नाही. बोट वाकवणारे स्नायूबंध आणि दोन्ही कडांच्या नसा त्वचेखाली काही मिलिमीटरवरच असतात. म्हणून मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरून फक्त टोक वाकवून पाहावं. मग ते वाकलेलं टोक कोणीतरी हलकेच सरळ करायचा प्रयत्न करावा. टोक वाकलंच नाही, किंवा अशा विरोधात जोर कमी पडला वा कळ आली, तर स्नायूबंध पूर्ण किंवा अर्धवट तुटल्याचा संशय धरतात. अर्धवट तुटलेला बंध बोट हलवतो, त्यामुळे ‘हलतंय ना, मग ठीक आहे’ यावर विसंबता येत नाही. जखमेच्या पुढे टोकाच्या दोन्ही कडांना स्पर्श सारखा लागतो का, तेही बघावं, आणि भूल देण्याआधीच, कारण नंतर सगळंच बधिर होतं. यातलं काहीही बिघडलेलं असेल किंवा कापलेली वस्तू काच असेल, तर वरची जखम कितीही लहान दिसो, प्रत्यक्ष तपासणी हवीच.

टाके सहा तासांतच घालायला हवेत, हा समज जुना आहे. त्याचं मूळ 1898 साली फ्रीडरिश या जर्मन शल्यविशारदाने गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत आहे. त्याने जखमांत माती-धूळ घातली आणि सहा तासांच्या आत तो भाग कापून काढला, तर संसर्ग टळतो असं त्याला दिसलं. नळाखाली धुतलेली बोटाची जखम ही तशी जखम नव्हे. हातावरचा स्वच्छ काप बारा तासांपर्यंत, कधी त्याहून उशिराही शिवतात. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथे चोवीस तासही चालतात. माती भरलेली जखम मात्र लगेच बंद केली तर जंतू आत कोंडले जातात. ती धुऊन, उघडी ठेवून चौथ्या-पाचव्या दिवशी शिवतात. कुत्रा चावला असेल तर हा हिशेबच वेगळा, तिथे रेबीजचे उपचार आधी.

धनुर्वाताचं घड्याळ टाक्यांच्या घड्याळापासून वेगळं चालतं. जखमेनंतर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 21 दिवस लागतात. इंजेक्शन लवकर घेतलेलं उत्तम, पण चोवीस तास उलटले म्हणून टाळायचं नसतं. दर सहा महिन्यांनी ‘टीटी’ हवं, हेही खरं नाही. आयुष्यात तीन किंवा अधिक डोस झालेले असतील, तर स्वच्छ, किरकोळ कापासाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षं उलटल्यावर, आणि माती, शेण लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षं उलटल्यावर बूस्टर देतात. गंज हा स्वतः कारण नसतो. गंजक्या खिळ्याला लागलेल्या मातीतले बीजाणू धोका निर्माण करतात, आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात.

आता स्वयंपाकघरातला तोच काप एका बाईला आणि तिच्या नवऱ्याला झाला असं धरू. तिला लहानपणीचे डोस मिळालेत, दोन बाळंतपणांत आणखी, शेवटचा बारा वर्षांपूर्वी: धनुर्वात-घटसर्पाच्या ‘टीडी’ लसीचा एक बूस्टर पुरे. नवरा 1965चा. भारतात लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1978ला सुरू झाला, आणि गरोदरपणातली इंजेक्शनं पुरुषांच्या वाट्याला येत नाहीत. त्याचे तीन डोस झाल्याची नोंद वा खात्री नसेल, तर आज एक, चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. त्याचा काप शेतात कोयत्याने झाला असता, तर लसीच्या जोडीला दुसऱ्या जागी 250 युनिट तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागलं असतं. पहिला डोस पुरेसं संरक्षण उभं करत नाही, आणि मातीतले जंतू उरलेल्या डोसांसाठी थांबत नाहीत.