नाइट कोणाच्या वाट्याला? ड्युटी लिस्टमागचं गणित

वॉर्डात नवी ड्युटी लिस्ट लागली की कुजबुज सुरू होते. "हिला चारच नाइट आणि मला नऊ? इन्चार्ज सिस्टरच्या मर्जीतली आहे ना ती!" कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा खोट आकड्यांत असते, आणि लिस्ट लिहायला बसण्याआधीच पाठकोऱ्या कागदावर दोन भागाकार केले तर ती सापडते.

एक नमुन्याचा मेडिसिन वॉर्ड घेऊ. 30 खाटा, 12 नर्स, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या : सकाळ 7 ते 3, दुपार 3 ते 11, रात्र 11 ते 7. सकाळी चौघी, दुपारी तिघी, रात्री दोघी. इन्चार्ज सिस्टर फक्त सकाळ करतात आणि रविवारी सुट्टीवर असतात, त्या दिवशी सकाळी तिघींवर भागतं. एका सिस्टरला गरोदरपणामुळे नाइट द्यायची नाही. लिस्ट 28 दिवसांची.

रात्रीला दोघी, म्हणजे 28 दिवसांत 56 नाइट. त्या करणाऱ्या उरल्या दहा जणी. 56 भागिले 10, म्हणजे प्रत्येकीला 5.6. अर्धवट नाइट कोणी करत नाही, तेव्हा सहा जणींना सहा आणि चौघींना पाच द्यायच्या. 36 आणि 20 मिळून 56 झाले. इथवर सोपं आहे.

आता अनुभवाचं बघू. पहाटे तीन वाजता 14 नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं ऑक्सिजन घसरायला लागलं, तर डॉक्टर पोचेपर्यंत क्रॅश कार्ट ओढून आणणारी, ॲम्बू बॅग नीट धरणारी, सिरिंज पंपावर कोणतं औषध किती वेगाने चाललंय ते ओळखणारी एक तरी सिस्टर ड्युटीवर हवीच. म्हणून नियम असा की दोघींपैकी एक अनुभवी. आपल्या दहा जणींत अशा समजा तिघीच आहेत. प्रत्येक रात्री त्यांच्यातली एक लागणार. 28 भागिले 3 म्हणजे 9.33. म्हणजे एकीला दहा, दोघींना नऊ-नऊ. उरलेल्या सात जणींच्या वाट्याला उरलेल्या 28 नाइट येतात, म्हणजे प्रत्येकीला चार.

नऊ आणि चार! कुजबुजीतले आकडे नेमके हेच होते. इथे इन्चार्जच्या जागी कोणीही बसवा, नियम पाळायचा तर याहून समान वाटणी होतच नाही. "बटण दाबा, न्याय्य रोस्टर मिळवा" अशी जाहिरात करणारं सॉफ्टवेअर विकत आणलं तरी ते हेच आकडे रंगीत करून दाखवेल.

उपाय लिस्टच्या बाहेर आहे. मधल्या फळीतल्या दोघींना क्रॅश कार्ट, सिरिंज पंप, पेशंट खालावत चालल्याची लक्षणं एवढं नीट शिकवून, त्यांची परीक्षा घेऊन त्यांना अनुभवींच्या गटात आणायचं. मग अनुभवी पाच, इतर पाच, आणि दोन्हीकडे 28 भागिले 5 म्हणजे 5.6. दहा जणींच्या वाटणीत आलेला आकडाच पुन्हा आला. लिस्ट समान होणं आता शक्य झालं. मात्र घाईघाईने कागदावर 'अनुभवी' असा शिक्का मारला तर लिस्ट गोड दिसते आणि त्याची किंमत पहाटे तीनला पेशंट मोजतो.

शक्य असणं आणि प्रत्यक्षात जमणं यांत अंतर आहे. 12 नर्स, 28 दिवस म्हणजे 336 चौकटी. प्रत्येक चौकटीत सकाळ, दुपार, रात्र किंवा सुट्टी. एकूण मांडण्या होतात 4 चा 336 वा घात, म्हणजे एकावर सुमारे 202 शून्यं. सगळ्या तपासणं कोणत्याही संगणकाला जमणार नाही. म्हणून आधी काही अटी पक्क्या करायच्या, त्या मोडणारी मांडणी थेट बाद. अनुभवाची अट त्यांतलीच. दुसरी, दुपारनंतर लगेच सकाळ नाही. रात्री 11 ला ड्युटी संपते, ओव्हर देऊन घरी पोचायला बारा, झोपायला पाऊण आणि सातच्या सकाळसाठी साडेपाचला उठायचं. पाच तासही झोप होत नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तास विश्रांती आहे, इथे जेमतेम आठ मिळतात. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकवावा. शरीराचं घड्याळ 24 तासांहून किंचित मोठं असल्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं.

बाकी सगळ्याला दंडाचे गुण द्यायचे. आणि इथे या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती येते. एका लिस्टमध्ये एकीलाच वाट्यापेक्षा चार नाइट जास्त आल्या, दुसरीत चौघींना एक-एक जास्त आली. नुसती बेरीज केली तर दोन्हीकडे चारच. पण फरकाचा वर्ग केला की पहिलीला 16 दंड आणि दुसरीला चार. वर्गामुळे एकीवर साचलेलं ओझं महाग होतं आणि कमी दंडाच्या शोधात ते आपोआप पसरत जातं. आपल्या वॉर्डात तीन अनुभवींच्या वाटणीला असा दंड 60.4 येतो, पाच अनुभवींच्या वाटणीला 2.4. नाइटच्या बाबतीत दोन लिस्टांची तुलना करायला हा एकच आकडा पुरतो.

रविवार मोजताना मात्र फसगत होते. नाइट सलग दोन-तीन देतात. गुरुवार-शुक्रवार-शनिवार अशा दिल्या की रविवारी सकाळी सातला सुटका होते आणि लिस्टमध्ये रविवारपुढे 'सुट्टी' लिहिलेलं असतं. पण ती दुपारी तीनपर्यंत झोपलेली असते, उठते तेव्हा डोकं जड, मुलं आजीकडे जेवून मोकळी झालेली. हा रविवार सुट्टीत धरू नये, त्याला पाच दंड लावावा. तोच गट बुधवारी सुरू केला तर शनिवार झोपेत जातो आणि रविवार खरा मिळतो. आपल्या वॉर्डात इन्चार्ज सोडून 11 जणी, चार रविवारी मिळून 44 जागा आणि प्रत्येक रविवारी आठ ड्युट्या म्हणजे 32. उरतात 12. प्रत्येकीला महिन्यात एक खरा रविवार देता येतो, फक्त झोपेत घालवू नये.

रिक्वेस्ट वहीतल्या मागण्यांना दोन दंड, 'अगदी हवीच' अशी खूण केलेल्या एकीला सहा. ही खूण लिस्टमागे एकदाच मिळते, नाहीतर सगळ्याच मागण्या 'अगदी हवीच' होतात. मग लिस्ट सुधारायची ती अदलाबदलीने. एकाच गटातल्या दोघींच्या ड्युट्या बदलून बघा, पक्की अट मोडली नाही आणि दंड उतरला तर बदल ठेवा. अमावास्येची नाइट नको, त्या रात्री पेशंट जास्त येतात, अशी मागणीही वहीत सापडते. तिला दंड लावण्याआधी वर्षभराचं ॲडमिशन रजिस्टर काढून त्या तारखा मोजाव्यात. रजिस्टरमध्ये गर्दी दिसली नाही तर अशी अट धरून दर महिन्याला हातातला एक दिवस फुकट बांधला जातो.

शेवटची वस्तू म्हणजे खातेवही. या वेळी सहा नाइट करणारीला 0.4 जमा, पाच करणारीला 0.6 नावे. पुढच्या लिस्टला ही शिल्लक धरून वाटा काढायचा. एका गटात पाच जणी आणि 28 नाइट असल्याने पाच लिस्टांत प्रत्येकीच्या बरोबर 28 होतात आणि खातं शून्यावर येतं. खातेवही वॉर्डात सर्वांना दिसेल अशी टांगावी. कोणी तापाने पडली आणि दुसरीला सुट्टीच्या दिवशी फोन करून नाइटला बोलावलं, तर ती नोंद त्याच रात्री करावी, महिनाअखेरीस आठवणीवर नव्हे.