गडद कापडाचं सांडपाणी, फिक्याच्या बिलात

समजा, बुटीबोरीत सुती कापड रंगवणारा एक कारखाना आहे. महिन्याला ४०,००० किलो फिकं आणि २०,००० किलो गडद कापड निघतं. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आणि त्यातल्या गाळाची विल्हेवाट यांवर ६ लाख रुपये खर्च होतात. हिशेबनीस ही रक्कम ओव्हरहेडमध्ये टाकतो आणि सरसकट किलोमागे १० रुपये लावून मोकळा होतो.

पण रंगाच्या टाकीत गोष्ट वेगळीच घडते. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. आपल्या कारखान्यात फिक्या शेडला लिटरमागे २० ग्रॅम, गडदला ८० ग्रॅम. हे मीठ कापडात राहत नाही, जवळजवळ सगळं सांडपाण्यात येतं. धाग्याला न धरलेला रंगही येतो. चुना आणि फेरस सल्फेट टाकलं की रंग गाळ होऊन बसतो, मीठ मात्र तसंच राहतं. ते काढायला आरओ आणि इव्हॅपोरेटर लागतो, आणि खरी वीज-वाफ तिथेच जळते.

म्हणून ६ लाखांचे आधी तीन वाटे करू. पाणी खेळवण्याचे २.४ लाख, मीठ काढण्याचे २.४ लाख, रंग आणि गाळाचे १.२ लाख. फिक्याला किलोमागे ५० लिटर पाणी लागतं, गडदला धुण्या जास्त म्हणून १०० लिटर. एकूण पाणी दोघांचं सारखंच, २०-२० लाख लिटर. टाकीत किलो कापडाला ८ लिटर पाणी धरलं, तर मीठ फिक्याचं ६,४०० किलो आणि गडदचं १२,८०० किलो. न धरलेला एकूण रंग फिक्याचा आणि गडदचा १ : ४ या प्रमाणात मानू. या मापांनी वाटलं की फिक्यावर २.२४ लाख येतात, किलोला ५.६० रुपये. गडदवर ३.७६ लाख, किलोला १८.८०. म्हणजे इतके दिवस गडदचं गिऱ्हाईक फिक्याच्या पैशावर रंगवून घेत होतं.

आकडे कागदावरचेच नाहीत ना, हे सांडपाण्याची टाकीच सांगते. १९,२०० किलो मीठ ४० लाख लिटरमध्ये म्हणजे लिटरला ४.८ ग्रॅम. सोडा आणि मूळ पाण्यातले क्षार धरून टीडीएस मीटरने याहून थोडं जास्तच दाखवायला हवं. कमी दाखवलं, तर रेसिपी तरी खोटी आहे किंवा पाण्याचं माप. शेड न जुळल्याने पुन्हा रंगवलेल्या लॉटची नोंद वेगळी ठेवावी. त्याचं सांडपाणी इतरांच्या माथी मारू नये. प्रदूषणाचा दंडही या ६ लाखांत धरायचा नाही. खर्च-लेखांकनाचं भारतीय मानक, सीएएस-१४, तो बाहेरच ठेवतं.

दर ठरवायला हा आकडा चांगला. पण मंदीच्या महिन्यात १८.८० पाहून गडद ऑर्डर परत पाठवू नये. घसारा आणि ऑपरेटरचा पगार ऑर्डर गेली तरी चालूच राहतो. वाचतात ते फक्त चुना, वाफ, वीज आणि गाळ नेण्याचे पैसे.