एसी आपलं ऐकतो, पण उत्तर देत नाही

"कोणत्याही मोबाइलवरून कोणताही एसी चालवा" असं सांगणारी ॲप्स ढिगाने मिळतात. फोनच्या वरच्या कडेला गडद काचेचा छोटासा ठिपका, म्हणजे इन्फ्रारेड एलईडी, असेल तरच हे खरं आहे. आयफोनमध्ये तो नसतो. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये असतो. ज्या फोनमध्ये एलईडीच नाही, त्यात ॲपने तो उगवत नाही आणि ब्लूटूथचंही इन्फ्रारेड होत नाही. अशा फोनवरचं बटण दाबलं की फोन थरथरतो आणि जाहिरात दिसते, बस्स. (टीव्ही किंवा एसी वायफायवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आज्ञा घरच्या नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून जाते, प्रकाशाने नाही.)

एलईडी असला तरी एसीच्या बाबतीत गोंधळ होतोच. त्याचं कारण समजून घ्यायला आधी आज्ञा कशी जाते ते पाहू. एलईडी सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. उन्हातही इन्फ्रारेड असतं. पण एसीतला रिसीव्हर या लयीतलाच प्रकाश उचलतो, म्हणून खोलीतला बाकीचा उजेड बहुतेक वेळा आड येत नाही. लुकलुकण्याचा एक छोटा झटका, मग अंधार. अंधार सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकला तर 0, दीड मिलिसेकंदाच्या आसपास टिकला तर 1. असे 0 आणि 1 एकापाठोपाठ जातात.

टीव्हीच्या रिमोटचं 'आवाज वाढव' हे बटण एवढंच सांगतं: आवाज वाढव. किती होता, हे टीव्हीला ठाऊक असतं. एसीचा रिमोट मात्र बहुधा दर वेळी पूर्ण यादीच पाठवतो: मोड, तापमान, पंख्याचा वेग. 'एक अंश वाढव' अशी आज्ञा जात नाही. "कूलिंग, 25, पंखा जोरात" अशी जाते.

एलजीच्या बऱ्याच एसींचा संदेश 28 बिटांचा असतो. चार-चार बिटांचे गट करून, 10 ते 15 साठी A ते F अक्षरं वापरून लिहिला, तर तो सात चिन्हांत मावतो. बंद असलेला एसी कूलिंगवर, 24 अंशांवर, पंखा जोरात ठेवून सुरू करायचा संदेश असा:

```
880094D
```

पहिले 88 ही संदेशाची ओळख. पुढच्या 00 मध्ये चालू करणे आणि कूलिंग मोड. मग 9: त्यात 15 मिळवले की 24. त्यानंतरचा 4 पंख्याचा वेग. शेवटचा D म्हणजे 13, ही मधल्या चार अंकांची बेरीज: 0+0+9+4. वाटेत एखादं बिट बिघडलं तर बेरीज जुळत नाही आणि संदेश बाद होतो. तापमान 26 हवं असेल तर 8800B4F: B म्हणजे 11, आणि 11+4=15, म्हणजे F. बंद करायचा संदेश पूर्णपणे वेगळा आहे:

```
88C0051
```

इथे बेरीज 12+0+0+5=17 येते; एका चिन्हात मावेना म्हणून 16 सोडून 1 उरतो.

आता गंमत अशी, की रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच असतं, पण संदेश दोन. त्यातला कोणता पाठवायचा हे रिमोट स्वतःच्या आठवणीवरून ठरवतो, कारण एसी उलट काहीच कळवत नाही. समजा आईने जुन्या रिमोटने एसी लावला. फोनच्या हिशोबी तो अजून बंदच. तुम्ही बंद करायला बटण दाबता, फोन 'चालू'चा संदेश पाठवतो, एसी 'टुक' वाजतो आणि चालतच राहतो. दुसऱ्यांदा दाबलं की बंद होतो. तसंच फोनच्या पडद्यावरचे 24 हे एसीचं तापमान नव्हे, फोनने शेवटचं पाठवलेलं तापमान. आईने 27 केले असतील आणि तुम्ही फोनवर फक्त पंखा कमी केलात, तरी एसी मुकाट 24 वर येईल.

ॲप पहिल्यांदा जोडताना बहुतेक लोक चालू-बंद झालं की 'जमलं' म्हणतात. इथेच चूक होते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे चालू-बंदचे संदेश सारखे आणि पंख्याचे किंवा स्विंगचे वेगळे असू शकतात. म्हणून तापमान, मोड, पंखा आणि स्विंग ही चारही बटणं दाबून पाहा. एखादं चुकलं तर ॲपमधला पुढचा कोड निवडा.

एसी अजिबातच 'टुक' वाजला नाही, तर फोनचा ठिपका दुसऱ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यांना बहुधा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, पुढच्यांना ती बऱ्याचदा कमजोर असते. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली तर एलईडी ठीक आहे. कव्हरने ठिपका झाकला आहे का ते बघा, जवळ जा आणि फोनची वरची कड थेट एसीकडे धरा, किंवा कोड बदला. मूळ रिमोटही त्याच कॅमेऱ्यासमोर दाबून पाहा. तो चमकला आणि फोन नाही, तर ॲप बदलण्यात वेळ घालवू नका.