रेनॉल्ड्स अंक दहा हजार, तरी जोर श्यानतेचाच

1883 सालची गोष्ट. ब्यूचॅम्प टॉवर नावाचे इंग्लिश अभियंते फिरत्या आसाच्या बेअरिंगमधले घर्षण मोजत होते. तेल सोडायला सोपे जावे म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागला आणि तेल आत जायचे सोडून त्या भोकातून वर येऊ लागले. भोकात बूच ठोकले, तर तेलाने बूचच बाहेर ढकलले. दाबमापक लावल्यावर कळले, की आतला दाब आसावरच्या सरासरी भारापेक्षाही जास्त आहे.

एवढा दाब आला कुठून, याचे गणित तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले. ज्यांच्या नावाचा अंक आज द्रायुगतिकीच्या प्रत्येक पुस्तकात असतो, तेच हे रेनॉल्ड्स. ‘जडत्वाचे बल भागिले श्यानतेचे बल म्हणजे रेनॉल्ड्स अंक’ हे वाक्य आपण पाठ करतो, पण टॉवर यांच्या तेलाला ते जसेच्या तसे लावले तर उत्तर दहा लाख पटींनी चुकते. का चुकते, हे समजले की त्या अंकाचा खरा अर्थही समजतो. त्यासाठी समीकरणाकडेच जावे लागेल.

द्रायू म्हणजे द्रव किंवा वायू. त्याच्या एका लहानशा तुकड्यासाठी न्यूटनचा दुसरा नियम लिहिला, आणि श्यानता, म्हणजे थरांचे एकमेकांवरचे घर्षण, त्यात धरली, की हे समीकरण मिळते:

```
ρ(∂u/∂t + u·∇u) = −∇p + μ∇²u
```

यात u वेग, p दाब, ρ घनता आणि μ श्यानता. डावीकडे घनता गुणिले त्वरण. हेच जडत्वाचे पद. उजवीकडे आधी दाबाचा उतार आणि मग श्यानतेचे पद. श्यानतेच्या पदात वेगाचे दोनदा अवकलन आहे, म्हणजे त्यात अंतराने दोनदा भागले जाते, तर जडत्वाच्या पदात एकदाच. पुढचा सगळा खेळ या फरकावर चालतो.

आता मीटर, सेकंद बाजूला ठेवू आणि प्रवाहाच्या स्वतःच्या मापांनी मोजू. वेग U च्या पटीत, अंतर L च्या पटीत, वेळ L/U च्या पटीत आणि दाब ρU² च्या पटीत. अशा मोजलेल्या, एकके नसलेल्या राशींवर एक छोटी रेघ देऊ: u = U u', x = L x', वगैरे. समीकरणात हे घातले की जडत्वाच्या आणि दाबाच्या पदांबाहेर ρU²/L येते, श्यानतेच्या पदाबाहेर μU/L². सगळ्याला ρU²/L ने भागले की:

```
∂u'/∂t' + u'·∇'u' = −∇'p' + (1/Re) ∇'²u'
Re = ρUL/μ
```

घनता, श्यानता, वेग आणि लांबी या चार राशींपैकी आता एकच संख्या उरली. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी 1908 मध्ये तिला रेनॉल्ड्स यांचे नाव दिले. दोन प्रवाहांची भौमितिक रचना, कडांवरच्या अटी आणि ही संख्या सारखी असेल, तर दोघांचे मितिहीन समीकरण शब्दशः एकच असते. लहान नमुन्यावरच्या चाचणीवरून मोठ्या वस्तूभोवतीचा प्रवाह सांगता येतो, तो याच आधारावर.

इथवर सगळे काटेकोर आहे. घसरण पुढच्या पायरीवर होते. जडत्व आणि श्यानता यांचे प्रत्यक्ष गुणोत्तर नुसते Re नसते. ते असते Re गुणिले (u'·∇'u' भागिले ∇'²u'). कंसातली ही संख्या एकच्या आसपास असेल, तरच Re म्हणजे बलांचे गुणोत्तर. आणि ती एकच्या आसपास तेव्हाच असते, जेव्हा निवडलेल्या L एवढ्याच अंतरात वेग खरोखर U एवढा बदलतो. म्हणजे मापांची निवड प्रामाणिक हवी. समीकरण ही निवड आपल्यासाठी करत नाही. कोणतेही L घातले तरी ते निमूट मान्य करते आणि Re ची काहीतरी किंमत देते.

टॉवर यांच्यासारख्याच एका बेअरिंगचे आकडे घेऊ. आसाचा पृष्ठभाग सेकंदाला 10 मीटर वेगाने सरकतो. तेलाच्या थराची लांबी 5 सेंटिमीटर, जाडी 50 मायक्रोमीटर. तेलाची घनता घनमीटरला 900 किलो. श्यानता भागिले घनता, जिला ν म्हणतात, ती 5×10⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. लांबी L म्हणून 5 सेंटिमीटर घातले तर Re = 10 × 0.05 / 5×10⁻⁵ = 10,000. म्हणजे श्यानता जडत्वाच्या दहा हजारावा हिस्सा, ती सोडून दिली तरी चालेल!

पण तेलाचा वेग बदलतो कुठे? आसाला चिकटलेले तेल 10 मीटरच्या वेगाने जाते आणि समोरच्या स्थिर पृष्ठभागाला चिकटलेले तेल जागचे हलत नाही. हा पूर्ण बदल 50 मायक्रोमीटरमध्ये होतो, 5 सेंटिमीटरमध्ये नव्हे. तेव्हा श्यानतेच्या पदात दोनदा भागायचे ते जाडीने, h ने. एकक वस्तुमानामागे श्यानतेचा आकडा νU/h² = 2,00,000 मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. जडत्वासाठी तेल ज्या दिशेने वाहते त्या दिशेची लांबी लागते: U²/L = 2,000. दोघांचे गुणोत्तर शंभरावा भाग. जोर श्यानतेचा आहे, आणि तोही शंभरपट.

वाहण्याच्या x दिशेला L, जाडीच्या y दिशेला h अशी दोन वेगळी मापे आणि दाबालाही योग्य माप दिले, की हीच गोष्ट समीकरणात दिसते:

```
Re(h/L)² (u'∂u'/∂x' + v'∂u'/∂y') = −∂p'/∂x' + ∂²u'/∂y'²
```

h/L आहे एक हजारांश, त्याचा वर्ग दहा लाखांश. दहा हजाराला त्याने गुणले की 0.01. मघाची दहा लाख पटींची चूक ती हीच. डावी बाजू टाकून दिली तरी फारसे बिघडत नाही, आणि उरते ते वंगणाचे गणित.

या समीकरणातले दाबाचे माप मी ρU² घेतलेले नाही. हा तपशील बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो, पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ρU² म्हणजे प्रवाह अडवला तर त्याच्या जडत्वातून जेवढा दाब येईल साधारण त्या आवाक्याचा दाब. आपल्या तेलासाठी तो 90,000 पास्कल, एका वातावरणाहूनही कमी. श्यानतेला तोलून धरणारे माप मात्र μUL/h² आहे. त्याची किंमत 90 लाख पास्कल, म्हणजे सुमारे 90 वातावरणे. प्रत्यक्ष दाब आसाच्या तिरपेपणावर आणि थराच्या आकारावर ठरतो, त्यामुळे हा आकडा फक्त आवाक्याचा अंदाज समजावा. पण बूच कशाने उडाले, ते एवढ्यावरून कळते.

दाबाचे माप चुकल्याची खूण ओळखायला सोपी आहे. पहिल्या मितिहीन समीकरणाला Re ने गुणा आणि Re शून्याकडे न्या. जडत्व जाते हे ठीक, पण त्याच्याबरोबर दाबही जातो. उरते ते ∇'²u' = 0. वेगाच्या तीन घटकांना ही तीन समीकरणे, आणि वर वस्तुमान टिकण्याची चौथी अट. तीन अज्ञात आणि चार अटी, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तरच निघत नाही. निसर्गात दाट मधातही दाब असतोच. दाब नाहीसा झाला तो आपण त्याला मापायला घेतलेल्या चुकीच्या पट्टीमुळे.

तेलाच्या थराची जाडी आपल्याला आधीच ठाऊक होती. ती ठाऊक नसेल तर प्रश्न उलटा विचारता येतो: किती अंतरात वेग बदलला, तर जडत्व आणि श्यानता बरोबरीत येतील? लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या कल्पनेचा गाभा हाच. 25 सेंटिमीटर लांबीची पातळ पट्टी घ्या. तिच्यावरून पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने जाते. पाण्याची ν 10⁻⁶ आहे, म्हणून Re अडीच लाख. पण पट्टीला टेकलेले पाणी थांबलेले असते, त्यामुळे तिच्याजवळ कुठेतरी वेगाला शून्यावरून पूर्ण व्हावेच लागते. ते अंतर δ मानून U²/L आणि νU/δ² सारखे ठेवले की δ = √(νL/U), म्हणजे अर्धा मिलिमीटर. बाहेरच्या वेगाच्या 99 टक्क्यांपर्यंत पोचायला याच्या साधारण पाचपट, अडीच मिलिमीटर लागतात. या पापुद्र्यात दोन्ही बले तोडीस तोड असतात, मग Re अडीच लाख असो. पट्टी जितकी लांब, तितका हा अंक मोठा, पण पापुद्र्यातली बरोबरी तशीच राहते. लांबीच्या तुलनेत पापुद्रा फक्त पातळ होत जातो. इथे Re बलांचे गुणोत्तर सांगत नाही, तो पापुद्रा किती पातळ आहे ते सांगतो: δ/L = 1/√Re.

सगळ्यात टोकाचे उदाहरण मात्र साध्या नळीचे. 2 सेंटिमीटर व्यासाच्या सरळ नळीतून पाणी सेकंदाला 5 सेंटिमीटर वेगाने वाहते आहे. व्यास हीच लांबी धरली तर Re = 1000. तोंडापासून साधारण 0.06 × Re × व्यास, म्हणजे 1.2 मीटर आत गेले की प्रवाह स्थिरावतो. तिथून पुढे पाण्याचा प्रत्येक कण नळीला समांतर सरळ रेषेत आपला वेग न बदलता जातो. त्वरण शून्य, म्हणून जडत्वाचे पदही शून्य. ते नुसते लहान नसते, तंतोतंत शून्य असते. बलांचे गुणोत्तर शून्य आणि Re हजार!

तिथे उरते 0 = −∇p + μ∇²u, आणि त्यात घनता कुठेच नाही. मग अशा नळीतल्या घर्षणांकाचे सूत्र 64/Re कसे, त्यात तर घनता आहे? ती आपणच घातलेली असते. घर्षणांकाच्या व्याख्येत दाबाच्या घटीला ρU² ने भागलेले आहे, आणि या प्रवाहाचा ρU² शी काही संबंध नाही. Re वाढला की 64/Re घटतो, म्हणून श्यानतेचा जोर ओसरला असे वाटते. प्रत्यक्षात दाबाची घट पूर्णपणे श्यानतेचीच असते आणि वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत जाते.

मग नळीतला हजार हा आकडा कशाबद्दल बोलतो? Re दुसऱ्या तऱ्हेने लिहू: (L²/ν) भागिले (L/U). वर आहे श्यानतेचा परिणाम L एवढ्या अंतरावर पसरायला लागणारा वेळ, खाली आहे पाण्याला तेवढेच अंतर वाहून जायला लागणारा वेळ. तोंडापासून 1.2 मीटर लागले ते म्हणूनच: भिंतीचा रोध नळीच्या मध्यापर्यंत पसरेतो पाणी साठ व्यास पुढे गेलेले असते. आणि नळीत बारीकसा हिसका बसला, तर त्या हिसक्याचे कण सरळ रेषेत जात नाहीत. त्यांना त्वरण असते, जडत्व असते, आणि त्यांच्यासाठी या दोन वेळांची शर्यत खरी असते.

1883 मध्येच, टॉवर यांचे बूच उडाले त्याच वर्षी, रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवले. Re साधारण 2000 च्या खाली असताना हिसका विरून जाई आणि धार पुन्हा सरळ होई. त्याच्या वर ती कधी तुटेल, हे पाणी किती शांतपणे आत सोडले यावर अवलंबून असे. फार जपून सोडले, तर धार 12,000 च्या आसपासही अखंड राही. अशा अखंड धारेत, तोंडापासून पुरेसे दूर, जडत्वाचे पद तेव्हाही शून्यच असते.