ए२ २८ टक्के म्हणजे थॅलेसेमियाच?

"रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ए२ २८ टक्के आलंय, नॉर्मल साडेतीनपर्यंत असतं, म्हणजे थॅलेसेमियाच ना?"

नाही हो, हा गैरसमज खूप जुना आहे. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये ए२ साधारण ४ ते ७ टक्के असतं, दहाच्या वर गेलं की आधी हिमोग्लोबिन ई या बदललेल्या प्रकाराचा संशय घ्यायचा. हा रिपोर्ट देणारं एचपीएलसी मशीन हिमोग्लोबिन ओळखत नाही, ते कॉलममधून बाहेर पडायला किती वेळ लागतो तेवढंच मोजतं. कॉलममधलं मटेरियल निगेटिव्ह चार्जचं, त्यामुळे ज्या हिमोग्लोबिनवर पॉझिटिव्ह चार्ज जास्त ते जास्त वेळ चिकटून राहतं आणि उशिरा बाहेर पडतं. ई मध्ये बीटा साखळीच्या २६ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी पॉझिटिव्ह चार्जचं लायसिन येतं, म्हणून ते नेमकं ए२ च्याच वेळेला बाहेर येतं आणि मशीन बिचारं दोघांची बेरीज करून ए२ म्हणून छापतं! हिमोग्लोबिन सी मध्ये तोच बदल ६ व्या जागी, पण ते अजून उशिरा, वेगळ्या पीकमध्ये दिसतं.

म्हणजे २८ टक्के ए२ आणि बाकी बहुतेक नेहमीचं हिमोग्लोबिन ए, असं असेल तर बहुधा ई ट्रेट, म्हणजे ई चं जनुक एकाच पालकाकडून आलेलं, त्यात सहसा त्रास नसतो. खात्रीसाठी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस करतात, तिथे ई आणि ए२ वेगळे दिसतात. जोडीदाराची टेस्ट मात्र करा, कारण त्याला बीटा थॅलेसेमिया मायनर असेल तर मुलाला ई-बीटा थॅलेसेमिया व्हायची शक्यता दर वेळी २५ टक्के.