१ नोव्हेंबर १९५६ आणि १ मे १९६०: कोणता तालुका कधी हलला?

१ मे १९६० साऱ्यांना पाठ आहे. अडचण अशी की जिल्ह्यांच्या सीमांची प्रत्येक हालचाल त्याच तारखेच्या नावावर टाकली जाते. ‘१९६० साली बेळगाव कर्नाटकात गेले’ हे वाक्य तर दरवर्षी वाचायला मिळते. बेळगाव गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना कायद्याने, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. महाराष्ट्र नावाचे राज्य तेव्हा नव्हतेच.

१९६० च्या कायद्याने द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग केले. बहुतेक जिल्हे जसेच्या तसे एकीकडे किंवा दुसरीकडे गेले. फक्त उत्तरेच्या कडेला गावनिहाय कातरकाम झाले: ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली ठरावीक गावे गुजरातला मिळाली.

खरी चिरफाड १९५६ ची. त्या कायद्याने जिल्हा फोडून तालुके, आणि काही ठिकाणी तालुका फोडून महसूल मंडळेसुद्धा वेगळी केली. बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना चंदगड तालुका मागे ठेवला आणि तो कोल्हापूरला जोडला. हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हाही अखंड राहिला नाही. त्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले. नांदेड जिल्हा आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे वगळून. म्हणून ‘मराठवाड्याचे पाच जिल्हे आले’ हे विधान ढोबळ आहे; आले ते काटछाट आणि भर घालून.

राजुऱ्याचा प्रवास नीट पाहिला की घोटाळा कुठे होतो ते कळते. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेला. पहिला बदल भाषेच्या आधारावरचा, राज्याची सीमा ओलांडणारा. दुसरा राज्याच्या आतला, प्रशासनाचा. दोन्हींना ‘भाषावार’ म्हणणे चूक. लातूर जिल्ह्याचेही तेच. तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला, भाषेचा त्यात काही संबंध नाही.

जुने कागद शोधणाऱ्यांना हा फरक थेट नडतो. उदगीरच्या गावाचा १९५० चा कागद ‘जिल्हा लातूर’ म्हणून मागाल तर हाती काही लागणार नाही, कारण त्यावर जिल्हा बीदर असेल आणि बरेचदा लिपी उर्दू. आधी कागदाचे वर्ष ठरवा, मग त्या वर्षी गावाचा तालुका आणि तालुक्याचा जिल्हा कोणता होता ते पाहा. आजच्या नकाशावरून मागे जाऊ नका. चंदगडसाठी १९५६ पूर्वीचा जिल्हा बेळगाव धरा, राजुऱ्यासाठी आदिलाबाद.