खोटं स्टेशन की दबलेला रिसीव्हर? अटेन्युएटर काय सांगतो

संध्याकाळी ४० मीटर बँड रंगात आला की एक तक्रार हमखास कानावर येते: "रिसीव्हर ओव्हरलोड होतोय." तक्रार खरी असते, पण अर्धवट. ओव्हरलोड या एका शब्दाखाली दोन निराळी दुखणी लपलेली असतात. एकात जिथे कोणीच नाही तिथे स्टेशन ऐकू येतं. दुसऱ्यात जिथे कोणीतरी बोलतंय तिथे ते ऐकू येईनासं होतं. पहिलं म्हणजे थर्ड ऑर्डर इंटरमॉड्युलेशन, दुसरं डिसेन्सिटायझेशन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं डिसेन्स. दोन्ही एकाच कारणातून येतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. पण दोघांचं गणित इतकं वेगळं आहे की एकाच संध्याकाळी एक दुखणं बँड नासवून टाकतं, तेव्हा दुसरं मोजायलाही सापडत नाही.

आधी कारण पाहू. रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यातला अँप्लिफायर किंवा मिक्सर आदर्श असता तर आत जाईल त्याच्या ठरावीक पट बाहेर आलं असतं. खऱ्या सर्किटमध्ये बाहेर येणाऱ्या सिग्नलला एक छोटासा भाग चिकटलेला असतो, जो आत आलेल्या व्होल्टेजच्या घनाच्या प्रमाणात असतो. सिग्नल लहान असताना हा भाग नगण्य असतो. सिग्नल वाढला की तो तिपटीच्या वेगाने वर येतो: सिग्नल १ डीबी वाढला तर हा भाग ३ डीबी वाढतो. या एकाच घनाच्या पदातून दोन गोष्टी निघतात. दोन सिग्नल एकत्र आले की त्यांच्या जवळच नव्या फ्रिक्वेन्सी जन्मतात, `2f1 - f2` आणि `2f2 - f1`. आणि त्याच पदाचा दुसरा हिस्सा मूळ फ्रिक्वेन्सीवर उलट चिन्हाने येऊन बसतो आणि गेन खातो. पहिल्यातून खोटं स्टेशन, दुसऱ्यातून डिसेन्स.

आता ४० मीटर. आपल्याकडे हौशी बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, आणि ७२०० ओलांडलं की लगेच ४१ मीटरचे शॉर्टवेव्ह ब्रॉडकास्ट सुरू होतात. अंधार पडला की ते प्रचंड जोरात येतात. समजा ७२५० आणि ७३५० वर दोन स्टेशनं आहेत आणि चांगल्या उंचीवरच्या डायपोलवर दोन्ही एस-९ च्या वर ५० डीबी येताहेत. एचएफवर एस-९ म्हणजे −७३ डीबीएम, तेव्हा ही दोन्ही −२३ डीबीएम. सातहजारदोनशेपन्नासची दुप्पट चौदाहजारपाचशे, त्यातून ७३५० गेले की उरले ७१५०. बरोबर आपल्या एसएसबीच्या मधोमध. सेकंड ऑर्डरचे पदार्थ, म्हणजे मिश्रणातून जन्मलेले नवे सिग्नल, १४६०० आणि १०० किलोहर्ट्झवर पडतात, ते बँडपास फिल्टर सहज अडवतो. थर्ड ऑर्डरचा पदार्थ मात्र मूळ सिग्नलांच्या शेजारीच पडतो आणि फिल्टरला त्याचं काही करता येत नाही, कारण तो फिल्टर ओलांडल्यावर, रिसीव्हरच्या आतच तयार झालेला असतो.

तो किती जोरात येईल हे इंटरसेप्ट पॉइंटवरून कळतं. कागदावर दोन रेषा काढा: मूळ सिग्नलची, १ डीबीला १ डीबी चढणारी, आणि खोट्या पदार्थाची, १ डीबीला ३ डीबी चढणारी. दुसरी रेषा खालून सुरू होते पण तिचा चढ तिप्पट, म्हणून त्या कुठेतरी एकमेकींना छेदणारच. तो छेद म्हणजे थर्ड ऑर्डर इंटरसेप्ट पॉइंट, आणि इनपुटच्या बाजूने मोजला तर त्याला IIP3 म्हणतात. हा बिंदू प्रत्यक्षात कधीच गाठता येत नाही. तिथवर पोचण्याच्या बऱ्याच आधी सर्किट गुदमरतं आणि दोन्ही रेषा वाकतात. "माझा रिसीव्हर IIP3 पर्यंतचे सिग्नल सहन करतो" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. तो आकडा खालच्या पातळीवर मोजून वर ताणलेला असतो, आणि त्याचा उपयोगही खालच्या पातळीवरचा हिशेब करण्यापुरताच. दोन सारखे सिग्नल असतील तर हिशेब असा:

```
IM3 = 3 * P - 2 * IIP3
```

आपल्या रिसीव्हरचा IIP3 शून्य डीबीएम धरू. तीन गुणिले −२३ म्हणजे −६९. म्हणजे ७१५० वर कोणीही नसताना एस-९ च्याही वर ४ डीबी असा कॅरियर उभा राहतो. त्यावर दोन्ही स्टेशनांचे कार्यक्रम एकमेकांत मिसळलेले असतात. ७२५० चा आवाज जास्त फाटलेला, कारण त्याची फ्रिक्वेन्सी सूत्रात दोनदा येते.

आता त्याच रिसीव्हरचं, त्याच क्षणी डिसेन्स किती होतं ते पाहा. घनाच्याच गणितातून कमकुवत सिग्नलचा उरलेला गेन असा निघतो: एकातून जोरदार सिग्नलची आणि IIP3 ची शक्ती यांच्या गुणोत्तराची दुप्पट वजा. −२३ आणि शून्य यांत २३ डीबीचं अंतर, म्हणजे गुणोत्तर ०.००५. दोन स्टेशनं धरून गेन ०.९८ राहतो. डीबीत पाव डीबीसुद्धा नाही. कानाला सोडाच, एस-मीटरलाही हे दिसणार नाही. म्हणून संध्याकाळी ७१५० वर घोंगाट ऐकून "रिसीव्हर डिसेन्स झाला" म्हणणं चूक आहे. तिथे डिसेन्स नाहीच. तिथे एक नसलेलं स्टेशन आहे.

खरं डिसेन्स बघायचं तर फील्ड डे बघा. क्लबचं सीडब्ल्यू स्टेशन ७०२० वर १०० वॅटने चालू आहे. अर्ध्या किलोमीटरवर एसएसबीचा तंबू आहे, दोन्ही डायपोल एका रेषेत, टोकाला टोक. तरीही समजा −६ डीबीएम आत येताहेत. आता गुणोत्तर ०.२५, दुप्पट ०.५, म्हणजे गेन अर्धा. एसएसबीवाला ७१५० वर लांबचं स्टेशन ऐकतोय आणि तिकडे मोर्सची की दाबली की ते स्टेशन ६ डीबी खाली जातं, सोडली की वर येतं. बँडचा नॉइजसुद्धा मोर्सच्या तालावर खाली-वर होतो. नवं कुठलंच स्टेशन उगवत नाही. यासाठी दुसऱ्या सिग्नलचीही गरज नाही. इंटरमॉड्युलेशनला किमान दोन जोरदार सिग्नल लागतात, डिसेन्सला एक पुरतो. (−६ च्या वर हे साधं सूत्र फार पुढे ताणू नये. गेन शून्याकडे जातो असं ते दाखवू लागतं, सर्किट तसं वागत नाही.)

गेन अर्धा झाला म्हणजे लगेच ऐकणं निम्मं झालं असंही नाही. पुढच्या टप्प्यात सिग्नल आणि बँडचा नॉइज दोन्ही सारखेच दबतात. नुकसान तेव्हा होतं जेव्हा दबलेला सिग्नल रिसीव्हरच्या स्वतःच्या, मागच्या टप्प्यांच्या नॉइजमध्ये बुडू लागतो. शांत गावातला आणि शहरातला अनुभव म्हणूनच वेगळा असतो.

दोन्ही ओळखायला एकच बटण पुरतं, १० डीबीचा अटेन्युएटर. खरं स्टेशन १० डीबीनेच खाली येईल. खोटं ३० डीबीने येईल: आपल्या उदाहरणात −६९ वरून −९९, एस-९ प्लसवरून एस-५ च्याही खाली. आणि डिसेन्स झालेलं स्टेशन १० पेक्षा कमी घसरेल, कारण अटेन्युएटरने जोरदार सिग्नलही कमी झाला आणि गेलेला गेन परत मिळाला. फील्ड डेच्या उदाहरणात, की दाबलेली असताना, मीटर फक्त साडेचार डीबी खाली येईल. बहुतेक रेडिओंचे एस-मीटर एस-९ च्या खाली विश्वासू नसतात, पण ३०, १० आणि ४ यांतला फरक वाईट मीटरवरही लपत नाही.

४० मीटरवर १० काय, २० डीबी टाकायलाही बिचकू नये. शहरात संध्याकाळी बँडचा नॉइज एस-५ च्या आसपास धरला तर तो −९७ डीबीएम. २० डीबी टाकून तो −११७ होईल, एसएसबीत तरीही रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा बराच वर. खोटं स्टेशन मात्र ६० डीबीने उतरून −१२९ वर, नॉइजखाली गाडलं जाईल. ऐकण्यासारखं एकही खरं स्टेशन यात हरवत नाही. प्रीअँपचं याच्या बरोबर उलट. १० डीबीचा प्रीअँप चालू केला की इनपुटचा IIP3 साधारण तेवढाच खाली येतो आणि खोटं स्टेशन खऱ्याच्या तुलनेत २० डीबी मोठं होतं. रात्री ७ मेगाहर्ट्झवर प्रीअँप चालू ठेवणारे खूप आहेत, आणि मला ते बघवत नाही.

अटेन्युएटरची परीक्षा दोन ठिकाणी फसते. एक, खोटा पदार्थ रिसीव्हरच्या बाहेर तयार झालेला असेल तर. अँटेनाजवळचा गंजलेला जोड, पत्र्याचं छप्पर, सैल क्लँप हे डायोडसारखे वागून तिथेच मिश्रण करतात. अँटेनातून आत येणारा असा पदार्थ रिसीव्हरच्या दृष्टीने खराच असतो आणि १० डीबीनेच खाली येतो. मग रेडिओ सोडून शिडी काढावी लागते. ब्रॉडकास्टचीच खूण हवी असेल तर घड्याळाकडे बघा. ही स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या घरांवर बसतात, म्हणून त्यांचे पदार्थही ५ च्या पटीतच पडतात. आणि बहुतेक प्रसारणं तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याला बदलतात. दोनपैकी एक बंद झालं की ७१५० तत्क्षणी मोकळं होतं.

दुसरं, की दाबल्यावर नॉइज खाली जाण्याऐवजी वर येत असेल तर ते गेनचं डिसेन्स नाही. रिसीव्हरच्या लोकल ऑसिलेटरचा फेज नॉइज त्या जोरदार सिग्नलशी मिसळून तुमच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतोय, किंवा समोरच्या ट्रान्समीटरचा स्वतःचाच नॉइज येतोय. अटेन्युएटरने इथे सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच उतरतात, काहीच सुधारत नाही. अंतर वाढवणं आणि डायपोल एकमेकांच्या नलमध्ये ठेवणं हेच हाती उरतं, कारण एकाच बँडमध्ये बँडपास फिल्टर निरुपयोगी.

डायरेक्ट सॅम्पलिंग एसडीआरवर सगळं आणखी एका पायरीने बदलतं. तिथे गुदमरतो तो एडीसी, आणि तो घनाच्या नियमाने हळूहळू वाकत नाही. मर्यादेपर्यंत साफ चालतो आणि ती ओलांडली की सगळा बँड एकदम कचरा होतो. एकाच्या बदल्यात तीन डीबीचा नियम तिथे लागू नाही. IC-7300 सारख्या रेडिओवर OVF ही एडीसी ओव्हरफ्लोची सूचना दिसत असेल तर आधी आरएफ गेन कमी करा किंवा अटेन्युएटर टाका, OVF विझू द्या, आणि त्यानंतरच खोटं की खरं याचा तपास सुरू करा.